मदरबोर्डातलं सोनं: तेजाबात घालायचं की गोणीच विकायची?

मोबाईल_दवाखाना
मंडळी, आर्णी तालुक्यात माझं मोबाईल अन् टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत निकामी बोर्डांच्या गोण्या साचल्या. काल वजन केलं तर सत्तरेक किलो भरलं. त्यात सुट्टे मोबाईल बोर्ड सहा किलो, काँप्युटरच्या रॅम चाळीसेक, थोडे मदरबोर्ड. बाकी सगळं जुन्या डब्बा टीव्हीचे बोर्ड, सेट-टॉप बॉक्स, यूपीएस आणि बॅटरीवाल्या फवारणी पंपांचे चार्जर.

भंगारवाला सरसकट किलोवर भाव सांगून राहिला. तिकडे माझ्या मावसभावाने व्हिडिओ पाहून यवतमाळहून तेजाबाच्या दोन बाटल्या आणल्या. म्हणते, "दादा, यात सोनं आहे, आपणच काढू." ओळखीच्या एकाने सांगितलं की नागपूरकडे नोंदणीकृत रिसायकलर आहेत, त्यांना दे. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की भंगारवाला, मावसभाऊ आणि तो कारखानावाला या तिघांच्या कामात नेमका फरक काय? माल तर तोच आहे ना?

पऱ्हाटी
फरक एवढाच की भंगारवाला नगदी देते, कारखानावाला पावती देते आणि मावसभाऊ खोकला देते. 😄

सराफपुत्र_अकोला
तेजाबाला एवढं घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं काम आहे. दुकानातला झाडलोटीचा कचरा झारेकरी नेतो आणि त्यातून सोनं काढून देतो. दागिन्याच्या तुकड्यात तांबं-चांदी जास्त असली की शोऱ्याच्या तेजाबात ती विरघळते, सोनं खाली राहतं. अम्लराजात, म्हणजे शोऱ्याच्या आणि मिठाच्या तेजाबाच्या मिश्रणात, सोनं विरघळवून परत खाली पाडणं हेही रोजचंच. बोर्डावरचं सोनं काही वेगळं नसतं. माहितगार माणसाकडून करून घ्या, एवढंच.

बुटीबोरीकर
बऱ्याच वर्षांपासून ई-कचऱ्याच्या कारखान्यात आहे, म्हणून लिहितो.

सराफपुत्र, सोनं तेच, पण सोबतीला असलेला माल वेगळा. दागिन्यात मुख्यतः सोनं, चांदी, तांबं असतं. बोर्डावर त्याच्या जोडीला कथील आणि शिसं येतं, कारण प्रत्येक पाय डाक देऊन बसवलेला असतो. शोऱ्याच्या तेजाबात कथील नीट विरघळत नाही. त्याचा पांढरा, चिकट चिखल होतो. हा चिखल गाळणीतून उतरत नाही आणि सोन्याचे बारीक कण पोटात धरून ठेवतो. व्हिडिओतला माणूस रॅमच्या सोनेरी पट्ट्या आधी कात्रीने कापून घेतो, ते याचसाठी. त्या पट्ट्यांवर डाक नसते.

दुसरी गोष्ट तांब्याची. अम्लराजात सोनं विरघळलं आणि भांड्यात तांब्याचा तुकडा शिल्लक असला, तर तेच सोनं काळ्या भुकटीच्या रूपात तांब्यावर परत बसतं. सोनं काळं दिसू शकतं हे पोरांना माहीत नसतं. ते पिवळं शोधत राहतात आणि काळा गाळ नाल्यात ओततात.

आता मोबाईल_दवाखाना यांच्या मालाचा हिशोब करू. एका रॅमच्या दोन्ही बाजूंच्या सोनेरी पट्टीचं क्षेत्रफळ साधारण चार चौरस सेंटिमीटर. मुलामा चांगल्यात चांगला धरला तर पाऊण मायक्रॉन. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केला तर एका रॅमवर जेमतेम ६ मिलिग्रॅम येतं. बऱ्याच रॅमवर मुलामा याच्या निम्मा असतो. म्हणजे तुमच्या चाळीस रॅममध्ये सगळं मिळून ०.१२ ते ०.२४ ग्रॅम. हे भांड्यातून हाती येणारं नाही, मुळात असलेलं.

त्यापेक्षा सहा किलो मोबाईल बोर्डांत जास्त आहे. मोबाईलच्या बोर्डात टनामागे २०० ते ३५० ग्रॅम सोनं सापडतं. म्हणजे तुमच्याकडे सव्वा ते दोन ग्रॅमच्या आसपास. पण ते पट्टीवर नसतं. काही चिपच्या आत केसापेक्षा बारीक तारांत, काही डाकेखाली कथलात मिसळलेलं, काही पॅडवर अतिशय पातळ थरात. काळी चिप तेजाबाला आत शिरू देत नाही. व्हिडिओत हे बोर्ड का दिसत नाहीत, ते आता कळलं असेल.

डब्बा टीव्ही आणि यूपीएसच्या बोर्डांत सोन्याचं नाव काढू नका. तिथे तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम आणि भरपूर शिसं.

रानभुली
विषय सोन्याचा आहे, पण माझा प्रश्न चांदीचा. आमच्या सासऱ्यांच्या विहिरीवरचे जुने मोटार स्टार्टर पडून आहेत, चार-पाच असतील. आमच्याकडचा वायरमन म्हणतो की त्यात चांदीचे ठोकळे असतात. मदरबोर्डात टाकतात तेच तेजाब यालाही चालते का?

बुटीबोरीकर
वायरमन बरोबर सांगतो. कॉन्टॅक्टरचे जे दोन तुकडे एकमेकांवर आपटतात, त्यांच्या तोंडावर चांदीची टिकली असते. पण जुन्या स्टार्टरमध्ये ती निव्वळ चांदी नसून चांदी आणि कॅडमियम ऑक्साइड असते. ठिणगीने चिकटू नये म्हणून तसं करायचे. ती गॅसच्या ज्योतीवर वितळवली तर कॅडमियमचा धूर होतो आणि तो फार वाईट. तेजाब नको, ज्योत नको. पट्टीसकट कापून वेगळ्या डबीत ठेवा आणि चांदीचे कॉन्टॅक्ट म्हणून विका. नाव सांगून विकलं की तांब्याच्या भावात जात नाहीत.

पऱ्हाटी
एक गोष्ट मला पटत नाही. गावात वायर-बोर्ड जाळले की प्रदूषण मंडळाची नोटीस. आणि मोठ्या भट्टीवाले काय करतात? तेही जाळतातच ना? बोर्डातलं प्लास्टिक तिथे हवेत गायब होते का? गरिबाचा धूर काळा अन् कंपनीचा पांढरा, एवढाच फरक दिसून राहिला.

बुटीबोरीकर
अर्धं बरोबर आहे. बेल्जियममधल्या होबोकेनला उमिकोरची भट्टी आहे, स्वीडनमध्ये बोलिडेनची रोन्स्कारला आहे. तिथे बोर्ड खरोखर आगीतच जातात, आणि बोर्डातलं प्लास्टिक इंधन म्हणून वापरलंही जातं. फरक तापमानाचा आणि त्यानंतर धुराचं काय करतात याचा.

बोर्डाच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिन असलेलं रसायन घातलेलं असतं. उघड्यावर पेटवलं की आग धड तापत नाही, तीन-चारशे अंशांतच धुमसते. नेमक्या त्याच तापमानात डायॉक्सिन आणि त्याचे भाऊबंद तयार होतात, आणि बोर्डातलं तांबंच ती क्रिया जलद करतं. भट्टीत तापमान बाराशे अंशांच्या घरात असतं. वायू पुन्हा पूर्ण जाळतात आणि मग झटक्यात थंड करतात. हळूहळू थंड होऊ दिला तर वाटेत त्याच तीन-चारशे अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन परत जुळतं. सगळा खर्च या झटक्यात थंड करण्यावर आणि पुढच्या गाळण्यांवर असतो. गावच्या टिनाच्या डब्यात हे होणं नाही.

धातूंचं बोलायचं तर भट्टीत वितळलेलं तांबं सोनं, चांदी आणि पॅलेडियमला आपल्यात ओढून घेतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम वरच्या मळीत जातं. मग त्या तांब्याच्या पाट्या विजेच्या टाकीत लावतात. शुद्ध तांबं समोरच्या पत्र्यावर चढतं आणि टाकीच्या तळाशी काळा गाळ बसतो. सोनं-चांदी त्या गाळात असते. या मार्गाने बोर्डातलं सुमारे ९५ टक्के सोनं हाती लागतं. बंगळूरमध्ये घरगुती तेजाबवाल्यांचा अभ्यास झाला होता, त्यात पाऊणएक सोनं वायाच जाताना दिसलं. साधारण २५ टक्के हाती आलं.

भंगारशेठ_आर्वी
मी इथे वाचतच असतो, आज लिहितो. आमचा तीन पिढ्यांचा भंगाराचा धंदा आहे. तुम्ही सगळे मिळून आम्हाला चोर ठरवून राहिले.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, तळेगाव या पट्ट्यात गावोगाव फिरून माल गोळा कोण करते? तुमचा नोंदणीकृत कारखाना सायकलवर येते का टीव्ही न्यायला? मी बोर्ड जाळत नाही. पोट्टे बसवतो. स्क्रू काढून लोखंड वेगळं, ॲल्युमिनियमचे पंखे-हीटसिंक वेगळे, तांब्याचे ट्रान्सफॉर्मर वेगळे, आणि बोर्ड पुढे विकतो. पुढचा माणूस दिल्लीला की मुरादाबादला पाठवते, ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. मला भाव पाहिजे. कारखानावाला म्हणते नमुना तपासू, महिन्याने पैसे देऊ. महिनाभर मी घरी काय सांगू?

बुटीबोरीकर
भंगारशेठ, तुमच्या कामाला मी चोरी म्हणत नाही. खरं तर मला उलटंच सांगायचं होतं.

औपचारिक म्हटलं की सगळं चांगलंच असं नाही. पुष्कळ कारखान्यांत आख्खा काँप्युटर थेट श्रेडरमध्ये टाकतात. हातोड्यांखाली सगळं कुटलं जातं, मग चुंबकाने लोखंड ओढतात, बाकीचं चाळतात. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की कुटताना तो लोखंडाच्या तुकड्यांना, प्लास्टिकला आणि धुळीला चिकटून जातो. जर्मनीत २००९ च्या सुमारास एका अशा यांत्रिक प्लांटचा हिशोब झाला. शिरलेल्या सोन्यातलं चौथाई, म्हणजे २६ टक्क्यांच्या आसपासच योग्य ढिगात पोचलं. म्हणजे गावातला तेजाबवाला आणि हा कुटणारा प्लांट, सोनं वाया घालवण्यात सारखेच.

तुमचे पोट्टे पेचकसने आख्खा बोर्ड काढतात, तेव्हा सोनं जागचं हलत नाही. हातानं उकलणं हा या साखळीतला चांगला भाग आहे, आणि तो तुम्ही कारखान्यापेक्षा बरा करता. घोळ सुरू होतो पुढे, तव्यावर बोर्ड भाजून चिप काढण्यापासून. शिशाची डाक १८३ अंशांना सुटते, नवी बिनशिशाची २१७ च्या पुढे. चुलीवर तापमान कोण मोजतो? बोर्डाचे पापुद्रे सुटून फुगे आले आणि पांढरा, गोडसर-उग्र धूर निघाला की समजायचं, डाकच नाही तर बोर्डही शिजून राहिला. मुरादाबादला रामगंगेच्या काठी त्या राखेचे ढीग लागले होते, तुमच्या पुढच्या माणसाचा माल तिथवर जात असेल तर त्यात तुमचाही वाटा आहे. हे कडू वाटेल.

नगदीचं म्हणाल तर तुम्ही खरं बोलता. लॉट छोटा असला की नमुना काढणं परवडत नाही. सगळं कुटून, कालवून, त्यातून मूठभर घेऊन भट्टीत तपासावं लागतं, नाहीतर एखादा मोबाईल बोर्ड नमुन्यात आला की नाही यावर भाव फिरतो. सत्तर किलोसाठी कोणी ते करत नाही. प्रतवारीनेच भाव लागतो.

भंगारशेठ_आर्वी
वाटा आहे म्हणता. मग भाव पण तुम्हीच पुढच्याइतका द्या ना. आमचा माल तुमच्या दारात येते.

गुर्जी_दिग्रस
माझ्या माहितीप्रमाणे ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे शाळेने संगणक भंगारवाल्याला देणं गुन्हाच आहे. आमच्याकडे जिल्हा परिषद शाळेत बारा संगणक निर्लेखनासाठी पडले आहेत. शाळा बल्क कन्झ्युमर होते, त्यामुळे वार्षिक विवरण भरावं लागेल असं एका प्रशिक्षणात ऐकलं. कोणी अनुभवी असल्यास फॉर्म कोणता ते सांगावं.

बुटीबोरीकर
गुरुजी, बल्क कन्झ्युमर म्हणजे वर्षभरात कधीतरी एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था. बारा संगणकांवर तुमची शाळा त्यात येत नाही. तुमचा अडसर हा नियम नसून सरकारी मालमत्तेच्या निर्लेखनाची प्रक्रिया आहे, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. देताना मात्र नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या आणि हार्ड डिस्क आधी काढून घ्या, मुलांची माहिती असते त्यात.

पऱ्हाटी
नोंदणीकृत, नोंदणीकृत ऐकून कान किटले. प्लास्टिकचा कचरा पुन्हा वापरात आणल्याचा पुरावा म्हणून कंपन्या विकत घेतात त्या ईपीआर प्रमाणपत्रांचं २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. केंद्रीय प्रदूषण मंडळालाच लाखांनी बोगस प्रमाणपत्रं सापडली. कारखान्यात माल गेलाच नाही आणि कागद विकले. ई-कचऱ्यात असं होत नाही कशावरून?

बुटीबोरीकर
होत नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. २०२२ च्या नियमांत रिसायकलरला सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम यांच्या वजनावर प्रमाणपत्रं मिळतात आणि ती उत्पादक कंपन्या विकत घेतात. जिथे कागदाला पैसा, तिथे कागद छापायची हौस आलीच. आम्ही ओळखायला एकच गोष्ट पाहतो. बोर्ड पुढे कुठे गेला, ते समोरचा सांगू शकतो का? स्वतः धातू काढत असेल तर तेजाबाच्या टाक्या, वायू धुणारं स्क्रबर आणि सांडपाण्याची सोय दिसली पाहिजे. काढत नसेल तर भट्टीवाल्याकडे पाठवल्याची कागदपत्रं. अंगणात नुसतेच गठ्ठे आणि कोपऱ्यात एक श्रेडर असेल, वर विजेचं बिल दुकानाएवढं असेल, तर समजून जावं.

सिस्टर_पीएचसी
मावसभावाबद्दल लिहिते, बाकी मला यातलं कळत नाही. तेजाबात तांबं टाकलं की तपकिरी वायू निघतो. तो श्वासात गेला तर सुरुवातीला थोडा खोकला, डोळे चुरचुरतात आणि माणूस "बरं वाटतंय" म्हणून घरी जातो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरतं. अशा वेळी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो. रुमाल किंवा फवारणीचा साधा मास्क या वायूला अडवत नाही. तपकिरी वायू श्वासात गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात नेऊन निगराणीत ठेवा आणि काय वापरलं ते डॉक्टरला सांगा.

सराफपुत्र_अकोला
कथलाचा चिखल हा मुद्दा मान्य, आमच्याकडे तो येतच नाही म्हणून कधी डोक्यात आलं नाही. पण कापलेल्या रॅमपट्ट्या आमच्यासारख्या पेढीने घेतल्या तर काय हरकत? आमच्याकडे धुराडं आहे, सांडपाणी साठवायची टाकी आहे.

बुटीबोरीकर
रसायनाच्या अंगाने जमेल. नियमाच्या अंगाने ई-कचऱ्यावर प्रक्रिया करायला रिसायकलर म्हणून नोंदणी लागते, सराफीचा परवाना पुरत नाही. आणि चाळीस रॅमसाठी तुमचं तेजाबही वसूल होणार नाही.

मोबाईल_दवाखाना
सगळ्यांचे आभार. माल वेगळा करायला बसलो. मोबाईल बोर्ड एका पोत्यात, रॅम डब्यात, मदरबोर्ड तिसरीकडे, तपकिरी टीव्ही बोर्ड बाहेर. फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या त्यातच निघाल्या, त्या वेगळ्या काढल्या. भंगारशेठ, तुम्ही मोबाईल बोर्डाला वेगळा भाव देता का? आमचा इथला भंगारवाला अजून सरसकटच म्हणते.

आणखी एक विचारायचं होतं. मावसभाऊ सिस्टरचं वाचून जरा गप्प झाला, पण बाटलीतलं तेजाब परत घ्यायला दुकानदार तयार नाही. शेताच्या धुऱ्यावर ओतू का म्हणते. आपली काळी माती आहे, चुनखडीचे खडे भरपूर, तेजाब मरून जाईल असं त्याचं म्हणणं.

बुटीबोरीकर
तेजाब मरेल, हे खरं. चुनखडीने फसफसून आम्ल संपतं. पण त्याने त्यात आधी बोर्ड बुडवले असतील आणि पाणी निळं-हिरवं झालं असेल, तर तांबं-शिसं मरत नाही. काळ्या मातीत ते वरच्या थरातच धरून राहतं, म्हणजे नेमकं तुरीच्या मुळाशी. उन्हाळ्यात भेगा पडल्या की त्यातून खालीही उतरतं. पाणी अजून बिनरंगाचं असेल तर बाटली घट्ट बंद करून, दुसऱ्या कशात न ओतता, जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेला विचारा, कधीकधी घेतात. निळं झालं असेल तर आधी सांगा, किती आहे ते.

भंगारशेठ_आर्वी
मोबाईल बोर्डाला वेगळा भाव देतो, पण फोन कापलेला नको, स्टीलचं झाकण काढून आण. बॅटरी एकही नको. मागे गोणीत एक निघाली होती अन् गाडीतच धूर सुटला होता. आर्वीला आलास तर मदरबोर्ड पण दाखव.

मोबाईल_दवाखाना
पाणी निळं झालं आहे. दीड लिटरएक असेल.